एएचयू-२ पुरवठा डक्ट: हवा मोजणी आणि संतुलन

फिल्टर स्वच्छ आणि सर्व डॅम्पर पूर्ण उघडे असल्याची खात्री करूनच पंखा सुरू करा. ६०० × ४०० मिमी मुख्य डक्टच्या लांब सरळ भागात, पिटो नळीचे टोक प्रवाहासमोर धरून २५ बिंदूंवर वेगदाब घ्या. प्रत्येक बिंदूचा वेग आधी काढा (V = 1.29√Pv, पास्कल, मी/से), मगच सरासरी. दाबांचीच सरासरी घेतली तर प्रवाह फुगून दिसतो!

सरासरी ७ मी/से म्हणजे १.६८ घमी/से, डिझाइनच्या १.८० च्या ९३ टक्के. ±१० टक्क्यांत, म्हणून मान्य.

डिझाइनच्या तुलनेत सर्वात कमी टक्केवारीच्या शाखेचा डॅम्पर उघडाच ठेवा, इतर शाखा तिच्या टक्केवारीशी जुळवा. एक शाखा दाबली की बाकीच्या वाढतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर सर्वात कमी टक्केवारीची ती शाखाही पुन्हा मोजा. डॅम्पर घट्ट करून खूण करा.