ते गाणं कोणतं होतं?

मंडळी, एक गाणं काही केल्या सापडत नाहीये. प्लीज मदत करा.

शनिवारी फेअरवेलच्या रात्री गच्चीवर, वॉचमनमामा दिवे बंद करायला आले तेव्हा लागलेलं गाणं. केकेचं 'पल' नाही, 'यारों'पण नाही. १९९९ची ती दोन्ही आधीच वाजली होती, आपण घसा फुटेस्तोवर गायलो होतो. हे नंतरचं. शेवटची लोकल गेली होती, माटुंग्याच्या बाजूने कसलाच आवाज येत नव्हता, म्हणून नीट ऐकू आलं.

मराठीच होतं. बाईचा आवाज, थोडा बसका. सुरुवातीला नुसती गिटार, तबला खूप उशिरा येतो. 'खिडकी' आणि 'ओलं' हे दोन शब्द नक्की होते. माझ्याकडे नऊ सेकंदांचा व्हिडिओ आहे, पण त्यात वारा आणि स्नेहलचं रडणंच जास्त, ॲपला काही ओळखता येत नाही. शब्द टाकून यूट्यूबवर शोधूनही झालं.

स्पीकर ओंकारचा होता, पण ब्लूटूथला फोन कोणाचा जोडलेला? ज्याचा असेल त्याने शनिवारची हिस्ट्री बघा ना. रात्री दीड ते दोनच्या मधलं.

ते गाणं चालू असतानाच स्नेहलने कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. तीन वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. आज ती नांदेडला पोचली. तिला आज रात्रीच ते पाठवायचंय मला.

चाल आठवत असेल तर नुसतं गुणगुणून व्हॉइस नोट टाका, तेवढंही चालेल.