ओसीची उजळणी: सोमवार २२ डिसेंबर ते रविवार ११ जानेवारी

ओम्या,

पूर्वपरीक्षेचा ओसीचा पेपर सोमवारी १२ जानेवारीला, सकाळी ११ वाजता. हातात बरोबर एकवीस दिवस आहेत आणि धडे आठ. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव आणि दिवस पार पडला की त्यावर काट मार.

सहामाहीचा तुझा पेपर मी रविवारी दोनदा वाचला. तुझा अभ्यास झाला नव्हता असं अजिबात नाही. वाचलेलं कागदावर उतरलं नाही, एवढंच झालंय. फरकाच्या प्रश्नात १२ पैकी ५ मिळाले, कारण तू एका संकल्पनेवर एक परिच्छेद लिहिलास, दुसरीवर दुसरा, आणि मुद्द्याला मुद्दा समोर ठेवलाच नाहीस. शेवटचा ८ गुणांचा प्रश्न तर वेळ संपल्यामुळे कोराच राहिला. म्हणून या तीन आठवड्यांत निम्मा वेळ पुस्तक बंद राहील आणि पेन चालू राहील. हे तुला सुरुवातीला जड जाईल, पण गुण तिथेच अडकलेत.

वेळ: पहाटे साडेपाच ते साडेसात ओसी. पहिली १० मिनिटं काल केलेलं कोऱ्या पानावर आठवून लिहायचं, मग ५० मिनिटं वाचन, ५० मिनिटं लेखन आणि शेवटची १० मिनिटं पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतःचं तपासायचं. रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास. संध्याकाळ अकाउंट्स, ईको आणि एसपीची आहे, तिथे ओसी घुसवू नकोस. एसटीत बसल्यावर खिशातली छोटी वही काढायची. तिच्यात फक्त एका शब्दात उत्तरं आणि जोड्या.

पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. मिनिटं अशी वाटून घे:

प्र. १, वस्तुनिष्ठ, २० गुण: २५ मिनिटं
प्र. २, संकल्पना, सहापैकी चार, ८ गुण: १८
प्र. ३, घटना वाचून मत, तीनपैकी दोन, ६ गुण: १५
प्र. ४, फरक, चारपैकी तीन, १२ गुण: ३०
प्र. ५, थोडक्यात उत्तरं, तीनपैकी दोन, ८ गुण: २०
प्र. ६, सकारण स्पष्ट करा, चारपैकी दोन, ८ गुण: २०
प्र. ७, तीनपैकी दोन, १० गुण: २५
प्र. ८, दीर्घोत्तरी, दोनपैकी एक, ८ गुण: १७

यातून १० मिनिटं उरतात, ती परत वाचायला. वस्तुनिष्ठ आणि फरक मिळून ३२ गुण होतात. उजळणीचा कल त्यांच्याकडे ठेवलाय तो यामुळेच.

पहिला आठवडा: जड धडे आधी

सोम. २२: व्यवस्थापनाची तत्त्वे, फक्त हेन्री फेयॉल. चौदा तत्त्वं क्रमाने पाठ असायलाच हवीत असं नाही, पण प्रत्येकाला एक उदाहरण हवं, आणि ते आपल्या आजूबाजूचं असेल तर विसरत नाही. तू दरवेळी गोंधळतोस ती जोडी म्हणजे आदेशातील एकवाक्यता आणि निर्देशनातील एकवाक्यता. ऊसतोडीची टोळी डोळ्यासमोर आण. टोळीतल्या माणसाला काम सांगणारा मुकादम एकच असतो, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर कोयता थांबतो. ही आदेशातील एकवाक्यता, म्हणजे एका माणसाला एकच वरिष्ठ. आणि सगळ्या टोळ्या कारखान्याच्या एकाच तोडणी कार्यक्रमाप्रमाणे चालतात. ही निर्देशनातील एकवाक्यता, म्हणजे एका उद्दिष्टासाठी एक योजना. पेपरात उत्तर लिहिताना शब्द मात्र पुस्तकातलेच वापर.

मंगळ. २३: त्याच धड्यातला टेलर. कार्याभ्यासाचे प्रकार (वेळ, पद्धत, हालचाल, थकवा), फरकात्मक वेतन दर, मानसिक क्रांती. शेवटी फेयॉल आणि टेलर यांच्यातला फरक लिही. टेलर कारखान्यातल्या कामगारापासून वर बघतो, फेयॉल सर्वोच्च व्यवस्थापनाकडून खाली. हा एक धागा धरलास की बाकीचे मुद्दे ओघाने येतात.

बुध. २४: ग्राहक संरक्षण. मुद्दाम आज ठेवलाय, २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ मध्ये याच तारखेला पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जागतिक ग्राहक हक्क दिन १५ मार्चला असतो. एका शब्दाच्या प्रश्नात हे दोन्ही दिवस अदलाबदल होतात, खिशातल्या वहीत पहिल्याच पानावर लिही. सध्याचा कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आयोग असा तक्ता तोंडी म्हणता आला पाहिजे. आकड्यांबद्दल एक सावधगिरी: मूळ कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी आणि राज्य आयोगाची १० कोटी होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख आणि २ कोटींवर आली. तू तुझ्या पाठ्यपुस्तकात छापलेलाच आकडा लिही, आणि तरी शंका वाटली तर सरांना उद्याच विचार, पेपरच्या आदल्या दिवशी नको.

गुरु. २५: नाताळची सुट्टी, म्हणून सगळ्यात मोठा धडा, व्यावसायिक सेवा. सकाळी बँका आणि खात्यांचे प्रकार. ठेवीचं पासबुक आईकडून मागून घे आणि बचत, चालू, मुदत, आवर्ती यातलं आपलं कोणतं ते ओळख. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५. दुपारी विमा, आणि त्याला पूर्ण दोन तास दे. विमा हितसंबंध कधी असावा लागतो हे तिघांत वेगळं आहे: आयुर्विम्यात करार करताना, अग्निविम्यात करार करताना आणि नुकसान होतानाही, सागरी विम्यात नुकसान होताना. नुकसानभरपाईचं तत्त्व आयुर्विम्याला लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत पैशात मोजता येत नाही. ‘सकारण स्पष्ट करा’मध्ये बसेल असं हे विधान आहे. आजच लिहून ठेव.

शुक्र. २६: त्याच धड्याची वाहतूक, संदेशवहन, गोदामं. गोदामांच्या प्रकारांना ओळखीची जागा दे. तासगावचा बेदाणा जिथे राहतो ते शीतगृह, आयात माल सीमाशुल्क भरेपर्यंत ठेवतात ते बंधित गोदाम.

शनि. २७: व्यवस्थापनाची कार्ये. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. प्रत्येकाच्या महत्त्वाचे मुद्दे एकमेकांसारखे दिसतात, त्यात अडकू नकोस. प्रत्येकी सहा मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन वाक्यं.

रवि. २८: नवीन काही नाही. झालेल्या चार धड्यांवर २० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि तीन फरक, पुस्तक बंद ठेवून. लाल पेनाच्या खुणा जिथे दाट, त्या पानांचे कोपरे दुमडून ठेव. तिसऱ्या आठवड्यात तीच पानं उघडायची आहेत. दुपारनंतर सुट्टी. क्रिकेटला जा.

दुसरा आठवडा: उरलेले चार धडे

सोम. २९ आणि मंगळ. ३०: विपणन. पहिल्या दिवशी बाजाराचे प्रकार आणि विपणनाची कार्ये, दुसऱ्या दिवशी विपणन मिश्र. वस्तू, किंमत, स्थान, प्रवर्तन हे चार, आणि सेवांसाठी त्यात माणसं, प्रक्रिया, भौतिक वातावरण मिळून सात. हा धडा तुझ्यासाठी सोपा जायला हवा, तू रोज संध्याकाळी तोच जगतोस. गल्ल्याजवळ चॉकलेटची बरणी का ठेवतात, सुट्या साखरेला ब्रँड नसतो पण चहाला असतो, पुडीवर वजन, किंमत आणि तारीख का छापतात: बाबांच्या दुकानातून ब्रँडिंग, वेष्टन आणि लेबल लावणे यांची उदाहरणं उचल. पुस्तकातली उदाहरणं पुष्कळजण लिहितात. तुझ्या शेल्फवरची लिहिलीस तर तपासणाऱ्याला समजतं की मुलाला विषय कळलाय.

बुध. ३१: व्यवसायाचे उदयोन्मुख प्रकार. ई-व्यवसाय आणि ई-वाणिज्य यांतला फरक, ऑनलाइन व्यवहाराच्या पायऱ्या, बाह्यस्रोत, आणि बीपीओ, केपीओ, एलपीओ. आरटीजीएसला किमान रक्कम २ लाख, एनईएफटीला किमान मर्यादा नाही. तासाभरात होईल. उरलेला वेळ विम्याला दे.

गुरु. १ जाने.: उद्योजकता विकास. उद्योजक आणि अंतर्गत उद्योजक हा फरक. स्टार्टअप इंडिया जानेवारी २०१६ ला सुरू झालं, स्टँडअप इंडिया त्याच वर्षी एप्रिलमध्ये, १० लाख ते १ कोटी कर्ज, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या उद्योजकांसाठी.

शुक्र. २: सामाजिक जबाबदाऱ्या. मालक, गुंतवणूकदार, कर्मचारी, ग्राहक, सरकार, समाज, प्रत्येकी पाच मुद्दे. सीएसआर: कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के.

शनि. ३: फक्त फरक. आठही धड्यांतले सगळे फरक एका वहीत, तीन रकान्यांत: मुद्दा, पहिला, दुसरा. पहिला मुद्दा नेहमी अर्थ. पट्टीने रेघा मार, हात बसेपर्यंत मार.

रवि. ४: अर्धा पेपर, ४० गुण, दीड तास, घड्याळ समोर ठेवून. मी रात्री येईन आणि तपासेन.

तिसरा आठवडा: धडे नाहीत, प्रश्नप्रकार

सोम. ५: संकल्पना आणि एका शब्दात उत्तरं. संकल्पनेला तीन-चार ओळी पुरतात, त्याहून लांब लिहायची तुझी सवय इथे मोडायची.

मंगळ. ६: सकारण स्पष्ट करा. दहा विधानं. प्रत्येक उत्तराला चार मुद्दे आणि शेवटी एक ओळ, जिच्यात विधान परत येतं.

बुध. ७: घटना वाचून मत. हा प्रश्न तुला अवघड वाटतो, म्हणून एक सोडवून देते. ‘एका दूध डेअरीत कामगाराला पर्यवेक्षक आधी पिशव्या भरायला सांगतो, व्यवस्थापक आधी गाडी उतरवायला सांगतो, आणि दोन्ही कामं रखडतात.’ कोणतं तत्त्व मोडलं? आदेशातील एकवाक्यता. दुसरं काय करायला हवं होतं? व्यवस्थापकाने सूचना पर्यवेक्षकामार्फत द्यायची. इथे अधिकार साखळीचं नाव घेतलंस की उत्तर पूर्ण. असे सहा तू स्वतः तयार कर आणि दुसऱ्या दिवशी सोडव. प्रश्न बनवता आला की उत्तर येतंच.

गुरु. ८: दुमडलेले कोपरे. फक्त ती पानं.

शुक्र. ९: दीर्घोत्तरी. सहा प्रश्नांचे नुसते सांगाडे, म्हणजे मुद्द्यांची नावं. त्यातला एकच पूर्ण लिही, १७ मिनिटांत.

शनि. १०: पूर्ण पेपर, ११ ते २. गेल्या वर्षीची बोर्डाची प्रश्नपत्रिका मी तुला बंद पाकिटात देऊन ठेवेन, आधी उघडू नकोस. बाबांशी बोलले आहे, त्या दिवशी दुकानात तुझी पाळी नाही. प्रश्न अडला तर पुढे जा, पण प्र. ८ साठी १७ मिनिटं राखूनच.

रवि. ११: सकाळी शनिवारच्या चुका, दुपारी खिशातली वही आणि फरकांची वही एकेकदा. संध्याकाळी सहानंतर ओसीला हात नाही. दोन निळे पेन, पट्टी, पेन्सिल, ओळखपत्र दप्तरात भर, दहाला झोप.

एखादा दिवस हुकला तर तो भरून काढायला रात्र जागू नकोस. त्या दिवसाचं फक्त लेखन उचल आणि पुढच्या पहाटेला जोड. दोन दिवस सलग हुकले तर मला फोन कर, आपण दोघं मिळून पानं कमी करू.

ताई