टिपण: शीतगृहातील अमोनिया गळती – प्रत्यक्षदर्शी ‘क’ यांची ध्वनिमुद्रित दूरध्वनी मुलाखत

घटनेच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी दूरध्वनीवरून झालेल्या या संभाषणाचे मुद्रण सुमारे २४ मिनिटांचे असून मुद्रणाला साक्षीदाराने सुरुवातीलाच (००:२०) स्पष्ट संमती दिली आहे. नाव व कामाचे ठिकाण छापायचे नाही, ‘शेजारच्या आवारातील रखवालदार’ एवढाच उल्लेख चालेल, असे ठरले आहे. अवतरणचिन्हांतील शब्द जसेच्या तसे घेतले आहेत, बाकीचा सारांश माझा आहे. चौकटी कंसातील खुणांपैकी [अपुष्ट] म्हणजे केवळ साक्षीदाराचा शब्द, [ऐकीव] म्हणजे त्यांनीही दुसऱ्याकडून ऐकलेले आणि [जुळले] म्हणजे अन्य स्वतंत्र स्रोताशी ताडून पाहिलेले.

‘क’ त्या रात्री शीतगृहाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या आवारात पाळीवर होते [जुळले: त्या आवारातील हजेरीवही पाहिली]. त्यांच्या म्हणण्यानुसार उग्र वास ‘दीड-पावणेदोनला’ सुरू झाला, डोळे चुरचुरू लागले आणि त्यांनी ओला रुमाल तोंडाला बांधला [अपुष्ट]. वेळ कशावरून सांगता, असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘भावाला फोन लावला तेव्हा वास येतच होता’ (०६:१५). या फोनचे त्यांनी पाठवलेले स्क्रीनशॉट २:०८ ही वेळ दाखवते. मात्र त्यावरून फोन झाला एवढेच सिद्ध होते, फोनवर वासाचा विषय निघाला होता हे नाही. अग्निशमन दलाच्या नोंदवहीत पहिली वर्दी २:३१ ची आहे. भावाने दुजोरा दिला तर वर्दीपूर्वी निदान २३ मिनिटे गळती सुरू होती असे म्हणता येईल; तोवर ‘तासभर उशीर’ हे साक्षीदाराचे शब्द बातमीत घेऊ नयेत.

भिंतीवरून पाहताना पांढरे धुके ‘जमिनीला चिकटून सरकत होते’ असे ते सांगतात [अपुष्ट]. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असल्याने हे विधान प्रथम खटकले. परंतु दाबाखालील द्रवरूप अमोनिया बाहेर पडल्यास त्याचे थंड तुषार आणि हवेतील बाष्प मिळून जड ढग काही काळ जमिनीलगत राहू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून हे विधान खोडून काढता येत नाही. औद्योगिक सुरक्षेच्या जाणकाराला विचारायचे आहे.

सर्वांत अधिक काळजी मागच्या दरवाजाबाबत घ्यावी लागेल. सुरुवातीला (०९:४०) ते ठामपणे म्हणाले, ‘मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.’ तुम्ही कुलूप स्वतः पाहिले का, या प्रश्नावर उत्तर बदलले: ‘कुलूप नाही पाहिलं. आतून दार बडवल्याचा आवाज ऐकला. कुलपाचं सकाळी तिथल्या पोरांनी सांगितलं’ (१४:०५). म्हणजे दार बडवल्याचा आवाज हे त्यांचे स्वतःचे निरीक्षण आहे [अपुष्ट], कुलूप मात्र [ऐकीव]. पहिले वाक्य एकटे उद्धृत केले तर ते साक्षीदारावरही अन्याय करणारे ठरेल. दार बडवणे आणि कुलूप असणे यांत जाम झालेली कडी किंवा अंधारात न सापडलेली मूठ अशाही शक्यता उरतात.

आतल्या कामगारांच्या संख्येबाबत मुद्रण (११:४० च्या आसपास) खरखरते. तो शब्द ‘सात’ आहे की ‘साठ’ हे तीनदा ऐकूनही ठरवता आले नाही. रात्रपाळीचा विचार करता ‘सात’ अधिक संभवते, पण तो माझा अंदाज आहे आणि आकडा म्हणून वापरता येणार नाही. पुन्हा फोन करून विचारायचे.

धोक्याचा भोंगा वाजला नाही, असे ‘क’ सांगतात [अपुष्ट]; तो ‘कित्येक महिने बंदच होता’ हे मात्र त्यांनी जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकले आहे [ऐकीव]. याच ओघात, मी न विचारता, त्यांनी सांगितले की ते पूर्वी याच शीतगृहात कामाला होते आणि थकलेल्या पगारावरून वाद होऊन बाहेर पडले (१८:३०). यामुळे त्यांची साक्ष खोटी ठरत नाही, उलट त्यांनी स्वतःहून सांगणे ही त्यांच्या बाजूची गोष्ट आहे. तथापि व्यवस्थापनाच्या हलगर्जीपणाविषयीचे त्यांचे प्रत्येक विधान दुसऱ्या स्रोताशिवाय छापू नये. ‘मालकाने वर्दी देऊ नका म्हणून सांगितले’ हा आरोप त्यांच्याच शब्दांत ‘सगळे म्हणतायत’ असा आहे [ऐकीव]. तो बदनामीकारक असल्याने मसुद्यातही ठेवलेला नाही.

भाऊ, रात्रपाळीचा निदान एक कामगार आणि अग्निशमन दलाचा प्रथम पोहोचलेला अधिकारी यांच्याशी बोलणे बाकी आहे. दरवाजा व भोंगा यांविषयीचे प्रश्न व्यवस्थापनाला लेखी पाठवले असून उत्तरासाठी उद्या दुपारी ४ पर्यंतची वेळ दिली आहे. मूळ मुद्रण न कापता कार्यालयीन संग्रहात ठेवले आहे.