खालची डावी पहिली दाढ (36) काढणे: हिमोफिलिया-ए रुग्णासाठी नियोजन

रुग्ण: पुरुष, वय 34, वजन 60 किलो. फॅक्टर आठ 1 टक्क्याहून कमी, म्हणजे तीव्र प्रकार. नियमित फॅक्टर चालू नाही. इनहिबिटर तपासणी मागच्या आठवड्यात निगेटिव्ह; ती पॉझिटिव्ह असती तर हे नियोजन लागू पडलं नसतं. किडनी नीट, लघवीतून रक्त नाही. दाढेचं वरचं तोंड किडून गेलंय, मुळं दोन, किंचित पसरट. रक्तविकारतज्ज्ञांशी बोलणं झालंय.

वेळ: मंगळवार, सकाळी 9. आठवड्याच्या शेवटी नको. रक्त बऱ्याचदा त्याच दिवशी नव्हे, तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गुठळी सुटली की येतं, आणि तेव्हा माणसं जागेवर हवीत.

फॅक्टर: लक्ष्य 60 टक्के. किलोमागे 1 युनिटने पातळी साधारण 2 टक्के वाढते, म्हणून 60 × 60 ÷ 2 = 1800. कुपी फोडून उरलेलं टाकण्यापेक्षा पूर्ण 2000 युनिट द्या. 8.30 ला शिरेतून सावकाश. सुन्न करण्याची सुईसुद्धा त्यानंतरच. आणखी 1000 युनिट फ्रिजमध्ये राखून ठेवा. फॅक्टर आठचं अर्धायुष्य 8 ते 12 तास, त्यामुळे रात्री वाहू लागलं तर सकाळच्या डोसच्या भरवशावर राहू नका.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड: 500 मिग्रॅच्या 2 गोळ्या, दर 8 तासांनी, 7 दिवस, पहिला डोस सकाळी 7 ला.

सुन्न करणं: आर्टिकेन, दाढेच्या गालाकडच्या बाजूला, सावकाश. नसेचा ब्लॉक शक्यतो टाळा. लागलाच तर फॅक्टरनंतरच, मागे ओढून पाहून. जबड्याच्या आत खोलवर रक्त साठलं तर घशाकडे सरकून श्वास अडकतो.

काढणं: फ्लॅप उचलू नका. बरने मुळं वेगळी करून एकेक काढा, हाड फाकवू नका. खड्ड्यातलं दाणेदार मांस खरवडून काढा. राहिलं तर तेच पाझरत राहतं. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज सैल भरा, 3-0 विरघळणाऱ्या धाग्याने आठच्या आकाराचा टाका. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉझ 30 मिनिटं घट्ट चावून. मधेमधे उचलून बघायचं नाही, हे नातेवाइकांनाही सांगा. 2 तास बसवून ठेवा. खड्डा कोरडा दिसल्याशिवाय घरी नाही.

घरी: पहिल्या दिवशी चूळ नाही. दुसऱ्या दिवसापासून एक 500 मिग्रॅ गोळी 10 मिली पाण्यात विरघळवून (5 टक्के) 2 मिनिटं तोंडात धरायची, हलकेच बाहेर सोडायची, दिवसातून 4 वेळा. मऊ, गार खाणं. स्ट्रॉ, सिगारेट, जोरात थुंकणं बंद. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, कमरेत इंजेक्शनही नाही.

रक्त आलं तर: 30 मिनिटं गॉझ दाबून थांबत नसेल, किंवा काळपट, यकृतासारखी गुठळी खड्ड्याबाहेर लोंबत असेल, तर वरून आणखी गॉझ ठेवत बसू नका. आत या. राखीव फॅक्टर, मग ती गुठळी सक्शनने काढून खड्डा पुन्हा भरणं आणि नवा टाका. जिभेखाली सूज, गिळायला त्रास, आवाज बसणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. फॅक्टर बरोबर घेऊनच.