पुस्तकांचं शेल्फ: तुझ्या फोटोवरून क्रम

सायली, जोडणीच्या चित्राचा तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. खालचे 1 ते 26 हे चित्रातले तुकड्यांचे नंबर. चित्रातल्या तुटक रेषा म्हणजे कुठला तुकडा कुठे बसतो ते. फळ्यांवरचे स्टिकर जोडणी होईपर्यंत काढू नकोस.

आधी मोज: नंबर 21 (लाकडी खुंट्या) 14 नग, 22 (बोल्ट) 12 नग, 23 (गोल लॉक) 12 नग.

1. बाजूच्या फळ्या 1 आणि 2 यांच्या आतल्या भोकांत 22 हाताने पिळून बसव. कॉलर फळीला टेकली की थांब.

2. फळ्या 3, 4, 5 च्या दोन्ही टोकांना दोन-दोन खुंट्या, पायपट्टी 8 ला एकेक.

3. त्याच तीन फळ्यांच्या खड्ड्यांत 23 ठेव. लॉकवरचा बाण फळीच्या कडेकडे हवा. सगळे इथेच चुकतात. बाण फिरला तर बोल्ट आत शिरतच नाही.

4. फळी 1 चादरीवर आडवी. तिच्यावर 3 (वरची), 5 (मधली), 4 (तळाची) आणि 8 उभ्या कर. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लॉक अर्धा फेरा फिरव. ताकद लावू नकोस, भुसा निघतो.

5. वरून 2 बसव. इथे दादाला हाक मार. मग उरलेले लॉक.

6. पालथं कर. दोन्ही कर्ण टेपने मोज, सारखे आले की मगच पाठ 7 ला खिळे (25) मार.

उभं करून 24 च्या पिनांवर सुट्या फळ्या 6 ठेव. क्लॅम्प 26 भिंतीला गिट्टी घालून लावायचाच, घरात चिनू आहे.