‘मृगाआधी’ : गेम डिझाइन डॉक्युमेंट

आपण चौघे आहोत: डिझाइन, प्रोग्रामिंग, चित्रं, आवाज. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने हे वाचायचं. कोणता निर्णय बदलला तर त्याच दिवशी इथली ओळ बदलायची. जुनी ओळ ठेवायची नाही.

खेळ काय आहे

दिवाळीनंतर फलटण-माणकडचा धनगरांचा वाडा मेंढ्या घेऊन कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या. शेताला खत मिळतं, वाड्याला धान्य. मृग लागायच्या आत परत वर यायचं, कारण कोकणचा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. खेळाडू वाड्याचा कारभारी आहे.

सगळा ताण एका प्रश्नात आहे: इथे अजून एक आठवडा बसू, की निघू? ज्या कल्पनेने हा प्रश्न अवघड होत नाही, ती कितीही छान असली तरी या खेळात येणार नाही.

एक फेरी = एक आठवडा

दर फेरीला खेळाडू ‘बसणं’ किंवा ‘चालणं’ निवडतो. बसला तर शेतकऱ्याकडून धान्य मिळतं आणि मग रात्र येते. चालला तर मिळकत नाही, रात्रही नाही, पण पुढचं गाव मिळतं. घाट उतरायला ३ फेऱ्या, चढायला ३. मधल्या २४ फेऱ्या कोकणात. ३० फेऱ्या झाल्या तरी खेळ संपत नाही. पाऊस सुरू होतो आणि वर पोचेपर्यंत दर फेरीला ६ मेंढ्या दगावतात. किमान ४० मेंढ्या घेऊन वर पोचला तर जिंकला.

```json
{
  "sheep_start": 60,
  "grain_start": 40,
  "grain_per_turn": 12,
  "pay_per_10_sheep": 5,
  "stay_factor": [1.0, 0.667, 0.333],
  "attack_chance": [0.10, 0.30, 0.60],
  "sheep_lost": 5,
  "sheep_price": 6
}
```

धान्य पायलीत मोजायचं. हे सगळे आकडे `balance.json` मध्येच राहतील, कोडमध्ये एकही नको. ६० मेंढ्यांना पहिल्या आठवड्याला ३० पायल्या, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १० मिळतात. वाडा आठवड्याला १२ खातो. धान्य संपलं तर मेंढी विकायची, एका मेंढीला ६ पायल्या.

फक्त धान्याचा हिशोब केला तर दोन आठवडे बसून एक आठवडा चालणं सरळसरळ फायद्याचं निघतं, आणि मग निवडायला काही उरत नाही. ते रात्र मोडते. रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीला, म्हणजे वाघरीला, चार बाजू, राखायला दोन कुत्री, म्हणजे दोन बाजू उघड्या. खेळाडू कुत्री ओढून बाजूवर ठेवतो. बिबट्या उघड्या बाजूने आला तर ५ मेंढ्या जातात, राखलेल्या बाजूने आला तर एकही नाही. एकाच जागी जास्त दिवस बसलं की तो येण्याची शक्यता वाढते. मेलेल्या मेंढ्यांची किंमत धरली तर अंदाजपंचे कुत्री ठेवणाऱ्याला एक आठवडा बसून फेरीमागे २.२५ पायल्या सुटतात, दोन आठवडे बसून २.६७. फरक इतका कमी हवाच. खुणा वाचणाऱ्याला मात्र दुसरा आठवडा खरोखर परवडतो.

म्हणून खुणांवर सर्वांत जास्त मेहनत घ्यायची. पायांचे ठसे, वानरांची ओरड, मेंढ्या कुठल्या बाजूला दाटून उभ्या आहेत, एवढ्या तीनच. दहा वेळांपैकी आठ वेळा खूण खरी असेल. वानरांचा आवाज डाव्या-उजव्या कानात वेगळा ऐकू आला पाहिजे. हेडफोन नसलेल्यासाठी त्या बाजूची फांदी हलेल.

दिसणं आणि वागणं

उभा स्क्रीन, ७२० × १२८०, अँड्रॉइड, गोडो ४. एका हाताने खेळता यावा. रंग दोनच गटांत: घाटावर पिवळसर, कोकणात हिरवट-तांबूस. शेवटच्या पाच फेऱ्यांत आभाळ भरत जाईल, वेगळं घड्याळ दाखवायचं नाही.

संवाद छोटे. वडीलधारा शेतकरी कारभाऱ्याला ‘पाव्हणं’ म्हणेल, कारभारी त्याला ‘मालक’. वाड्यावर दया दाखवणारं एकही वाक्य नको. हे कसबी लोक आहेत आणि कसबच खेळायचं आहे.

नाही म्हणजे नाही

लढाई, गुणांच्या ऑनलाइन याद्या, खेळाच्या मधे जाहिराती, घर सजवणं. कोकरं जन्मणं मला फार आवडतं, पण पहिल्या आवृत्तीत नाही.

पहिलं बिल्ड

तीन गावं, करड्या चौकोनांच्या मेंढ्या, एक खूण (ठसे). चित्रकाराने तोवर फक्त वाघरीचा रात्रीचा देखावा करायचा. बिल्ड आपल्या ओळखीबाहेरच्या पाच जणांना काही न समजावता द्यायचं. दुसऱ्या डावात त्यांपैकी तिघे तरी थांबून विचार करून ‘चालणं’ दाबत असतील तर बाकीची गावं बांधायची. नाहीतर आधी `attack_chance` आणि `stay_factor` बदलून पुन्हा पाच नवे लोक.

अजून ठरायचं आहे

सर्व गावांचा दर सारखा की वेगळा: डिझाइन, पहिल्या चाचणीनंतर. फेरीच्या मधे सेव्ह की फेरीच्या शेवटी: प्रोग्रामिंग, या आठवड्यात.