पोळ्यानंतर

बँकेतल्या मॅडमनं फोटो आधार कार्डाच्या बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोनदा इकडं, दोनदा तिकडं पाहिलं.

"मावशी, हा सुनेचा फोटो आहे का?"

"माहाच व्हय जी."

"हा चालणार नाही. दुसरा आणा. केवायसी आहे ही, लग्नपत्रिका नाही."

मागं रांगेत कोणीतरी हसलं. वच्छलानं फोटो उचलला. खरं तर तिनं तो अजून धड पाहिलाच नव्हता. सोमवारी स्टुडिओतल्या पोट्ट्यानं पाकीट हातात दिलं, तिनं ते तसंच पिशवीत टाकलं, आणि तीन दिवस कापूस वेचण्यात गेले. नोव्हेंबरात कोणाला वेळ असतो? वेचायला बाया मिळत नाहीत, किलोला दहा रुपये द्यायचे म्हटलं तरी मिळत नाहीत. ज्याच्या घरी जेवढे हात, तेवढाच त्याचा कापूस.

बँकेच्या पायरीवर बसून तिनं पाकीट उघडलं. आठ फोटो, आठही सारखे. मागं पांढराशुभ्र पडदा, पुढं एक बाई. पातळ आपलंच, जांभळं, पोरीच्या बारशातलं. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिनही आपलीच. तोंड मात्र भलत्याच बाईचं. गाल बिस्किटाच्या पुड्यावरच्या पोराचे असतात तसे. डोळ्यांखाली काही नाही, कपाळावर काही नाही. आणि हनुवटीवरचे तीन ठिपकेही गेलेले.

तिनं बोट आपल्या हनुवटीवर फिरवलं. गोंदण बोटाला लागत नसते, हे तिला ठाऊक होतं. तरी फिरवलं.

घाटंजीचा बाजार भरला होता. भाजीवाल्यांच्या दुकानांतून वाट काढत ती स्टुडिओत शिरली.

"काहून रे पंकज, माहे ठिपके कुठी गेले?"

पोट्टा कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर करत होता. त्यानं मान वळवली. "काकू, स्मूथ मारला नं मी. सगळ्याच बाया सांगतात, दादा, जरा चांगला कर. तुम्ही काही बोलल्या नाही, तर मी आपलाच केला. त्याचे पैसेही नाही घेतले."

"बँकेनं वापस केला."

"दोन मिनिटं बसा. पहिलाचा आहेच इथं."

त्यानं फाइल उघडली. पडद्यावर तिचं तोंड ताटाएवढं मोठं झालं. बाजूच्या पट्टीत डोळ्याचं एक बारकं चिन्ह होतं, त्यावर त्यानं टिचकी मारली. सुरकुत्या आल्या, डोळ्यांखालचं काळं आलं, डाव्या गालावरचा तेलाचा डाग आला, तीन ठिपके आले. दुसरी टिचकी मारली, सगळं गेलं.

"थांब."

"काय झालं?"

"तिथंच थांब बाप्पा."

पंकज थांबला. वच्छला खुर्ची ओढून पुढं सरकली. तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या, त्यात काळी माती बसली होती. तेच बोट तिनं काचेला लावलं. पोट्ट्याला काच पुसावीशी वाटली असणार, पण तो काही बोलला नाही.

ही बाई आपण नव्हतोच. ही सुमी होती.

गोंदणारीण आली त्या दिवशी दोघी बहिणी ओट्यावर बसल्या होत्या. सुयांची जुडी पाहून वच्छलाही रडली, पण जागची हलली नाही. मायनं डोकं धरून ठेवलं होतं. "सोनंनाणं इथंच राह्यते बाई, मेल्यावर गोंदण तेवढं संगं येते," माय म्हणत होती. सुमीची पाळी आली आणि सुमी जी पळाली, ती थेट मामाच्या वाड्यात कडब्याच्या गंजीमागं. दिवे लागले तरी सापडली नाही. गोंदणारीण सुपात जवारी घेऊन निघून गेली. मग पुढं किती वर्षं वच्छलाच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि सुमीची हनुवटी कोरी. एवढाच फरक. गावातले म्हातारे तर हनुवटी पाहूनच हाक मारायचे.

सुमीला एकोणिसावं लागलं तेव्हा पाहुण्यांचा निरोप आला, पोरीचा फोटो पाठवा. बाप म्हणाला, पोळा होऊ द्या, हाती पैसा येऊ द्या, मग यवतमाळला नेऊन काढू. पोळ्याच्या आठ दिवस आधी रात्री खाली अंथरुणावर मण्यार चावली. कोणाला कळलंही नाही. मण्यारीचं तसंच असते, दंश दिसत नाही, दुखत नाही. सकाळी सुमी पोट दुखते म्हणाली, मग पापण्या उचलेनात. बैलगाडी सडकेला लागेपर्यंत संपली होती.

फोटो राहिलाच.

"काकू, ठिपकेवाला काढू नं आठ कॉपी?"

"हाव, थो बँकेसाठी काढ. आन् हा एक मोठा काढ. पण हिचा रंग वापस लाव."

"म्हणजे?"

"गोरी करून ठेवली तुनं. थे काळीच होती. माह्यासारखी."

पंकजनं तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. विचारलं मात्र काही नाही. एक पट्टी डावीकडं सरकवत गेला. चेहरा हळूहळू सावळा होत आला.

"बस. अजून थोडा. बस." ती थोडा वेळ पाहत राहिली. "केस पांढरे आहेत कानापाशी."

"काळे करतो."

"भिवया एवढ्या नको कोरू. तिच्या दाट होत्या, मधात जुळलेल्या."

त्यानं जुळवल्या. पोट्टा आता बॅनर विसरला होता. बाहेर कोणीतरी आवाज देत होतं, त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

"लग्न झालेलं होतं का त्यांचं?"

"नाही."

"मग मंगळसूत्र पुसून टाकतो."

त्याचा बाण मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर गेला आणि वच्छलाचा हात आपोआप गळ्याशी गेला. नवरा घरी होता, धडधाकट, या घडीला गाडीत कापूस रचत असेल. फोटोतलं पुसल्यानं काही होत नसते, हे तिलाही समजत होतं.

"पुसू नको," ती म्हणाली. "वरून काप."

त्यानं गळ्याच्या वरून कापला. सेफ्टी पिनही गेली, जांभळं पातळही गेलं. राहिलं नुसतं तोंड, कोऱ्या हनुवटीचं.

प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर आला. पहिल्यांदा केस, मग कपाळ, मग त्या जुळलेल्या भिवया. वच्छलानं तो दोन्ही हातांनी, कडेकडेनं धरला. मोठ्या फोटोचे पैसे पंकज नको नको म्हणत होता, तिनं टेबलावर ठेवले.

बँकेत मॅडमनं या वेळी वर पाहिलंसुद्धा नाही. सुरकुत्यांच्या मागं गोंद लावला, शिक्का मारला आणि पुढचा कागद ओढला.

परतीच्या ऑटोत शेजारच्या गावची रुखमाबाई मांडीला मांडी लावून बसली होती. सडकेच्या दोन्ही अंगांनी पऱ्हाटी पांढरी झाली होती. ऑटो खड्ड्यात आदळला तसं पाकीट मांडीवरून घसरलं आणि मोठा फोटो अर्धा बाहेर आला. रुखमाबाईनं तो उचलला, लांब धरला, जवळ आणला. तिच्या पुतण्यासाठी दोन वर्षांपासून पोरगी पाहणं चालू होतं.

"पोरगी नाकीडोळी बरी हाये वं. तुह्या नात्यातली व्हय का?"

"हाव."

"लग्नाची हाये?"

वच्छलानं फोटो तिच्या हातातून घेतला, पाकिटात सरळ घातला आणि पदराखाली धरला.

"हाये," ती म्हणाली. "पोळा झाल्यावर पाहू."

रुखमाबाई तिच्याकडं पाहतच राहिली. पोळा होऊन तर अडीच महिने झाले होते.